डॅशबोर्डवर 'शेवटचं अपडेट' म्हणून नक्की कुठली वेळ टाकायची?

विटेकर७७

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघात डेटाचं काम बघतो. आमच्याकडं १४ बल्क कूलरची केंद्रं आहेत, प्रत्येक केंद्रावरच्या संकलन मशीनमध्ये सिमकार्ड आहे, शेतकऱ्यानं दूध घातलं की लिटर-फॅट-एसएनएफ सगळं सर्व्हरवर येतं आणि तिथून पॉवर बीआयच्या डॅशबोर्डवर. हे डॅशबोर्ड माझ्या आधी एका वेंडरनं करून दिलेलं. मीटिंग हॉलमधल्या टीव्हीवर ते दिवसभर चालू असतं.

गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगतो म्हणजे प्रश्न कळंल. सकाळी साडेनऊला चेअरमनसाहेब आले, टीव्हीवर वर कोपऱ्यात 'शेवटचं अपडेट ९:१५' असं लिहिलेलं, आणि एका केंद्राचं सकाळचं दूध १८४० लिटर. त्या केंद्राचं रोजचं ३१०० च्या आसपास असतंय. साहेबांनी तिथल्या तिथं सचिवाला फोन लावला की दूध कुठं गेलं, गवळ्यांनी खासगीला घालायला सुरवात केली का काय. सचिव माणूस जुना, सरळ. त्याच्या हातात टँकरची पावती होती ३०६० लिटरची. त्याला लय लागलं ते बोलणं. नंतर बघितलं तर मशीनची रेंज ७:१० लाच गेलेली, त्यापुढचं दूध मशीनमध्ये साठलेलं होतं, सर्व्हरवर आलंच नव्हतं.

आता डॅशबोर्ड ९:१५ ला खरंच रिफ्रेश झालेलं, म्हणजे लिहिलेली वेळ खोटी नव्हती. पण ती बघून साहेबांनी धरलं की आकडा सव्वानऊपर्यंतचा आहे. माझ्याकडं तीन वेळा आहेत. एक रिफ्रेशची, दुसरी शेवटच्या शेतकऱ्यानं दूध घातल्याची, तिसरी ती नोंद सर्व्हरवर पोचल्याची. वर कुठली टाकू? का तिन्ही टाकू?

कराडचा_संत्या

एवढा विचार कशाला भावा. पॉवर क्वेरीत एक कोरी क्वेरी घे, त्यात `DateTime.LocalNow()` टाक, ते कार्डवर लाव, झालं काम. आमच्या कंपनीत असंच आहे आणि सगळे खूश आहेत.

रेठरे_बुद्रुक

@संत्या, तुमच्या लॅपटॉपवर ते बरोबर दिसतंय कारण लॅपटॉपचं घड्याळ भारताचं आहे. रिपोर्ट पब्लिश केला आणि रिफ्रेश मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर व्हायला लागला की `LocalNow` तिथली लोकल वेळ देतंय, आणि ती यूटीसी असते. म्हणजे सकाळी ९:१५ चं ३:४५ दिसणार. तुमच्या कंपनीत कुणाच्या लक्षात आलं नसेल तर त्याचा अर्थ ती वेळ कुणी वाचतच नाही असा होतो, एकदा बघून घ्या.

गेटवे लावून ऑफिसमधल्या मशीनवरून डेटा येत असेल तर वेगळं दिसू शकतं, म्हणून नशिबावर न सोडता स्वतःच साडेपाच तास सांगायचे:

```
= DateTimeZone.RemoveZone(
    DateTimeZone.SwitchZone(DateTimeZone.FixedUtcNow(), 5, 30))
```

आणि हे पॉवर क्वेरीतच हवं. डॅक्समध्ये मेजर करून `NOW()` लावलं तर ती बघणाऱ्यानं पान उघडल्याची वेळ होते. डेटा चार दिवसांचा शिळा असला तरी वर आत्ताची वेळ दिसत राहते. त्यापेक्षा काहीच न लिहिलेलं परवडलं.

पण @विटेकर, हे सगळं करूनही तुमचा प्रश्न सुटत नाही. रिफ्रेशची वेळ सांगते की डॅशबोर्डनं डेटाबेसचं दार कधी वाजवलं. आत काय होतं ते ती सांगत नाही. संध्याकाळी लिहितो सविस्तर, आत्ता कारखान्यावर आहे.

वाईकर_मृणाल

रिफ्रेशच दर मिनिटाला करून टाका ना, म्हणजे वेळ लिहायची गरजच नाही पडणार. सगळं लाइव्ह!

विटेकर७७

@मृणाल ताई, आमचं प्रो लायसन्स आहे, दिवसाला आठच शेड्यूल रिफ्रेश मिळतात. आणि समजा मिनिटाला केला असता तरी त्या दिवशी काय झालं असतं? मशीनमधून माल आलाच नव्हता. १८४० चा आकडा १८४०च राहिला असता, फक्त वरची वेळ ९:१५ ऐवजी ९:२९ दिसली असती, म्हणजे साहेबांचा अजून जास्त विश्वास बसला असता.

@संत्या, मी आत्ता बघितलं, आमच्याकडं वेंडरनं ५:३० वाढवून दिलेत, तेवढं बरं आहे.

कराडचा_संत्या

बघितलं. आमच्याकडं खरंच साडेपाच तास मागं दाखवतंय. दोन वर्षं कुणी बोललं नाही. रेठरेकर, धन्यवाद, आज बदलतो.

बेदाणा_तासगाव

मी कॉम्प्युटरवाला नाही, बेदाण्याचा व्यापार आहे, पण विषय आमच्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. आम्ही चार-पाच जणांनी मिळून सौद्याच्या भावाची एक गुगल शीट केलीय, हिरवा, पिवळा, काळा असे वेगवेगळे भाव, बाहेरगावचे खरेदीदार बी बघतात. त्यात वर पोरानं `=NOW()` लावून ठेवलंय. सौदा रोज नसतो. पण कुणी शीटमध्ये कुठंतरी नुसतं बोट लावलं, एखाद्या रकान्याचा रंग बदलला तरी वेळ ताजी होतीय. परवा एका खरेदीदारानं गेल्या सौद्याचा भाव आजचा समजून फोन केला, 'वेळ तर आत्ताची दिसतीय' म्हणाला. त्याचं काय चुकलं सांगा. ह्याला काय उपाय?

रेठरे_बुद्रुक

@बेदाणा, एक बारीक दुरुस्ती. नुसता रंग बदलल्यानं नाही, सेलमधलं काहीतरी बदललं की `NOW()` परत मोजलं जातं. पण तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. तुमच्यासाठी सोपं सांगतो. वरचं `NOW()` काढून टाका. प्रत्येक भावाच्या शेजारी 'सौदा दिनांक' असा रकाना करा, आणि भाव भरणाऱ्यानंच तिथं `Ctrl` आणि `;` दाबायचं, आजची तारीख पक्की बसते, परत हलत नाही. हिरव्याचा सौदा झाला आणि काळ्याचा झाला नाही तर दोघांच्या तारखा वेगळ्या दिसतील, आणि तसंच दिसायला पाहिजे.

बेदाणा_तासगाव

हे जमंल. पोराला सांगतो.

हरिपूरकर

ह्या विषयावर आम्हा नदीकाठच्या लोकांना विचारा. पावसाळ्यात सांगलीकराचा निम्मा दिवस आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे बघण्यात जातो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. कोयनेत किती टीएमसी झालं, विसर्ग किती क्युसेक, हे सगळं आता मोबाईलवर येतं. पण येतं कसं? कुणीतरी स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो, आणि पुढं ढकलत ढकलत तो आपल्यापर्यंत येतो. त्यावर लिहिलेलं असतं 'सकाळी ८ वाजता, ३८ फूट ६ इंच'. कुठल्या दिवशीच्या सकाळी? ते कुठंच नाही. आमच्या गल्लीत एका पुरात आदल्या दिवशीचा फोटो फिरला, पाणी ओसरतंय म्हणून दोन घरांनी वर चढवलेलं सामान परत खाली घेतलं. रात्री पुन्हा चढवलं.

त्यामुळं विटेकर, माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. वेळेबरोबर तारीख पाहिजेच, आणि ती आकड्याला चिकटून पाहिजे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिली तर फोटो काढणारा ती कापूनच टाकतो. मुद्दाम नाही करत कुणी, मोबाईलच्या स्क्रीनवर तेवढंच बसतं.

कोरेगावची_शुभा

हरिपूरकरांना जोरदार दुजोरा. आणि नुसतं ८:१५ लिहू नका, सकाळी का संध्याकाळी तेही लिहा. दुधाचं तर दोन्ही वेळेला असतं.

पावणं_जेवून_जा

आमच्या घरात एकच डॅशबोर्ड आहे, फ्रीजवरचं. त्यावर सौ. लिहितात 'दूध संपलं'. तारीख नसते. मी रोज आणतो. आता फ्रीजमध्ये सहा पिशव्या झाल्यात. 😀

कोरेगावची_शुभा

@पावणं, वहिनींना आजच तारीख टाकायला सांगा 😂

रेठरे_बुद्रुक

आता @विटेकर, मूळ प्रश्नाकडं येतो. तुमच्या तीनपैकी लोकांना पाहिजे ती दुसरी, म्हणजे दूध घातल्याची. साहेबांच्या मनातला प्रश्न असतो की हा आकडा किती वाजेपर्यंतचा आहे. रिफ्रेशची वेळ तुमच्या कामाची आहे, ती खाली कोपऱ्यात ठेवा, काही बिघडलं की तुम्हाला लागेल. सर्व्हरवर पोचल्याची वेळ पडद्यावर दाखवायची नाही, पण तपासायला ती लागतेच, का ते पुढं येईल.

पण खरी मेख अशी आहे की तुमच्याकडं एक वेळ नाहीच. १४ केंद्रं आहेत म्हणजे १४ वेळा आहेत. सगळ्यांची मिळून शेवटची नोंद काढली तर जे केंद्र सगळ्यात ताजं आहे त्याचीच वेळ वर येते. त्या दिवशी १३ केंद्रं नीट चालू होती, त्यातल्या एखाद्यावर शेवटचा शेतकरी ८:४० ला आला असेल, तर वर '८:४० पर्यंतचं' असंच दिसलं असतं. ७:१० ला अडकलेलं केंद्र त्याच्यामागं झाकून गेलं असतं. म्हणजे रिफ्रेशच्या वेळेऐवजी ही वेळ लावूनही साहेबांनी फोन केलाच असता.

एकूण बेरजेवर वेळ लिहायची तर सगळ्यात मागं राहिलेल्या केंद्राची लिहायला पाहिजे. बेरीज त्याच वेळेपर्यंत पूर्ण आहे, त्यानंतरची अर्धवट. आणि केंद्रवार तक्त्यात प्रत्येकाच्या लिटरशेजारी त्याची स्वतःची वेळ.

विटेकर७७

हे पटलं. लगेच करून बघितलं. आजच्या तारखेच्या नोंदी घेतल्या, केंद्रवार `max` काढला, मग त्यातला सगळ्यात जुना घेतला. झकास चाललं. मग मुद्दाम एका केंद्राचं मशीन पहाटेपासून बंद ठेवायला लावलं, बघू म्हटलं ते लाल होतंय का. तर ते केंद्र यादीतून गायबच झालं! तेराच केंद्रं दिसायला लागली आणि वर लिहून आलं की सगळं ठीक. सगळ्यात जास्त बिघडलेलं केंद्रच दिसत नाही, हे काय?

फलटण_डीबीए

ज्याची आज एकही नोंद नाही त्याची `GROUP BY` मध्ये ओळच तयार होत नाही. नोंदींपासून सुरवात करू नका, केंद्रांच्या यादीपासून करा आणि नोंदी त्याला जोडा.

```sql
SELECT k.nav, max(n.sankalan_vel) AS paryant
FROM kendre k
LEFT JOIN nondi n
  ON n.kendra_id = k.id
 AND n.tarikh = (now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
GROUP BY k.nav
ORDER BY paryant NULLS FIRST;
```

तारखेची अट `ON` मध्येच ठेवा. `WHERE` मध्ये टाकली तर रिकामं केंद्र पुन्हा गळेल, हे हमखास होतं. आणि पोस्टग्रेसचं सेशन यूटीसीवर असेल तर नुसतं `current_date` वापरू नका. पहाटे साडेपाचच्या आधी यूटीसीत कालचीच तारीख चालू असते. तुमची केंद्रं किती वाजता सुरू होतात?

विटेकर७७

पाच-सव्वापाचला काही केंद्रं उघडतात. म्हणजे हे आम्हाला चावलं असतं. लाख धन्यवाद. आता बंद ठेवलेलं केंद्र सगळ्यात वर येतंय, वेळेच्या जागी रिकामं.

सोसायटीचा_सचिव

मी दुसऱ्या तालुक्यात सोसायटीचा सचिव आहे, वीस वर्षं दूध मापतोय. वरचं सगळं वाचलं, निम्मं कळलं निम्मं नाही. पण मशीनच्या बाजूचं दोन गोष्टी सांगतो त्या तुमच्यापैकी कुणी लिहिल्या नाहीत.

पहिली, मशीनचं घड्याळ. आत बटणासारखा सेल असतोय. तो संपला आणि लाईट जाऊन आली की मशीनची तारीख कुठल्या कुठं जाते. आमचं एकदा थेट २००० साल दाखवाय लागलं. ते लगेच कळतंय तरी. पण कधी कधी पोरगं घड्याळ लावताना महिना पुढचा लावतंय, मग पावतीवर पुढच्या महिन्याची तारीख येते आणि कुणी बघत नाही.

दुसरी, आम्ही दूध घेऊन झालं की मशीनवर शिफ्ट बंद करतो. ते बटण दाबलं की एकूण किती गवळी, किती लिटर, सरासरी फॅट किती ह्याची पट्टी निघते. ती पट्टी खरी. त्याच्या आधीचं सगळं चालू काम. तुमच्या साहेबांनी ज्याला फोन केला त्यानं शिफ्ट बंद केली होती का नव्हती, हे टीव्हीवर दिसतंय का? दिसत असतं तर तो माणूस बोलणं खाल्ला नसता. आमच्यावर सकाळच्या पारी असं कुणी आलं की दिवसभर हात चालत नाही बघा.

रेठरे_बुद्रुक

काका, ह्या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची पोस्ट तुमची आहे.

पुढच्या महिन्याच्या तारखेचं विशेष सांगतो. एका मशीननं जरी पुढची तारीख टाकली आणि क्वेरीत आजच्या तारखेची अट नसली तर `max` त्याच नोंदीवर जाऊन बसतो आणि महिनाभर तिथून हलत नाही. त्या केंद्राचं सिम काढून ठेवलं तरी डॅशबोर्ड म्हणणार केंद्र एकदम ताजं. म्हणून मी म्हणालो की सर्व्हरवर पोचल्याची वेळ लागते. दूध घातल्याची वेळ पोचल्याच्या वेळेपेक्षा पुढं असूच शकत नाही, पाच-दहा मिनिटांची सूट द्या घड्याळातल्या फरकाची, त्यापुढची असेल तर ती नोंद वेळेच्या हिशोबातून बाजूला काढा आणि 'घड्याळ तपासा' म्हणून त्या केंद्राला फोन करा. लिटर मात्र टाकून देऊ नका, दूध खरंच आलेलं असतं.

उलट बाजूनं, पोचल्याची वेळ घातल्याच्या वेळेपेक्षा दोन तास उशिराची असेल तर मशीन बरोबर आहे, रेंज गेली होती. तुमच्या त्या केंद्राचं नंतर असंच दिसलं असणार.

विटेकर७७

हो, तसंच दिसतंय. ७:१० नंतरच्या सगळ्या नोंदी ९:५२ ला एकदम आल्यात.

आणि सचिव काका, शिफ्ट बंदची नोंद आमच्या सर्व्हरवर येते! टेबलात आहे, डॅशबोर्डवर कुणी घेतलीच नाही. त्यात लिटरची बेरीज पण असते, म्हणजे पट्टीवरचे लिटर आणि आमच्याकडं आलेले लिटर जुळतात का तेही बघता येईल.

कास_पठार

मी एका बँकेत शाखा सांभाळतो, तिथं असली डॅशबोर्ड रोज बघावी लागतात, म्हणून बघणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. आमच्याकडं कुणीतरी नियम लावला होता की डेटा तासाभरापेक्षा जुना झाला की वरची पट्टी लाल. झालं काय, दुपारी जेवणाच्या वेळेत रोज लाल, रविवारी दिवसभर लाल. महिन्याभरात लाल रंगाकडं बघणंच बंद झालं. मग एकदा खरंच लिंक तुटली आणि दीड दिवस कुणाला पत्ता नाही. तुमचं तर दूध दिवसातून दोनदाच येणार. दुपारी दोन वाजता सकाळी साडेआठचा आकडा साडेपाच तास जुना असेल, पण तो बरोबरच आहे की. लाल कशाला?

रेठरे_बुद्रुक

अगदी. किती तास झाले हे मोजून उपयोग नाही, आत्तापर्यंत काय यायला हवं होतं त्याच्याशी ताडायला हवं. दुधाचं त्या मानानं सोपं आहे. सकाळची शिफ्ट बंद झाली आणि बेरीज जुळली तर ते केंद्र संध्याकाळपर्यंत हिरवं, घड्याळ काहीही म्हणू दे. शिफ्ट चालू आहे आणि वीस मिनिटं एकही नोंद नाही, तर पिवळं. ठरलेली बंद व्हायची वेळ होऊन अर्धा तास गेला तरी बंदची नोंद नाही, तर लाल. वीस आणि अर्धा हे माझे अंदाज आहेत, तुमच्या केंद्रांचा जुना डेटा बघून ठरवा, लहान केंद्रावर दोन गवळ्यांत वीस मिनिटं सहज जात असतील.

सोसायटीचा_सचिव

जातात. पावसात तर अर्धा तास जातो. सगळ्यांना एकच नियम लावू नका.

वाईकर_मृणाल

आता मला मुद्दा कळला 🙂 एक विचारू? जे केंद्र अडकलंय त्याचा १८४० हा आकडा दाखवायचाच कशाला? रिकामं ठेवा किंवा 'माहिती येत नाही' लिहा. अर्धवट आकडा दिसला की माणूस तोच धरून बसतो, शेजारी कितीही वेळ लिहा.

फलटण_डीबीए

मी ह्याच्या विरोधात. १८४० लिटर तर नक्की आलंय ना? टँकर कुठला पाठवायचा हे ठरवणाऱ्याला तेवढं कळलं तरी खूप. फिका करा, शेजारी '७:१० पर्यंत' लिहा, पण काढू नका. आणि शून्य तर चुकूनही दाखवू नका. एकही नोंद आली नाही आणि शून्य लिटर आलं ह्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

हरिपूरकर

पुराच्या वेळी मी मृणाल ताईंच्या बाजूचा. पाण्याचा चार तासांपूर्वीचा आकडा फिका करून दाखवला तरी लोक तो वाचणार आणि निवांत बसणार. तिथं मोठ्या अक्षरात 'नवीन माहिती नाही' हेच पाहिजे.

फलटण_डीबीए

पुराचं पाणी चढतं आणि उतरतं, शिफ्टमधलं दूध फक्त वाढतं. १८४० म्हणजे 'कमीत कमी १८४०' असं तरी म्हणता येतं. तुमच्या पाण्याला तसं म्हणता येत नाही. म्हणून दोन्हीकडं एकच उत्तर असेल असं मला वाटत नाही.

वाईकर_मृणाल

मग तसंच लिहा ना, 'किमान १८४०'. नुसतं १८४० नको.

जरंडेश्वर_९०

एक गोष्ट राहिली, टीव्ही. टीव्हीवर दिवसभर चालू असलेलं पान कधीतरी अडकतं, नेट गेलं, ब्राउझर गोठला, लॉगिन संपलं. मग पडद्यावर जे होतं तेच राहतं. अशा वेळी 'पाच मिनिटांपूर्वी' असं लिहिलेलं असेल तर ते दुसऱ्या दिवशीही 'पाच मिनिटांपूर्वी'च म्हणतं. टीव्हीवर नेहमी पूर्ण तारीख आणि वेळ लिहा. हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ असेल तर ते टीव्हीच्या शेजारी लावा, बघणारा स्वतःच ताडून बघतो. आम्ही केलंय, स्वस्तात काम झालं.

विटेकर७७

दोन दिवसांनी येतोय, तेवढ्यात केलेलं सांगतो. वर मोठ्या अक्षरात एकूण लिटर आणि त्याला लागूनच 'गुरुवार १४ ऑगस्ट, सकाळ : १४ पैकी १३ केंद्रं पूर्ण'. इथं वेळ काढूनच टाकली, कारण सगळ्यात मागच्या केंद्राची वेळ लिहिली तर साहेब म्हणाले एवढं मागं कसं, बाकीच्यांचं तर झालंय. पूर्ण किती ते लिहिल्यावर त्यांना लगेच उमगलं. तक्त्यात प्रत्येक केंद्राच्या लिटरशेजारी 'शिफ्ट बंद, सकाळी ८:२५' किंवा 'चालू, ७:१० पर्यंत किमान १८४०'. मृणाल ताई आणि डीबीए, तुमचं दोघांचंही अर्धं अर्धं घेतलं. रिफ्रेशची वेळ खाली डाव्या कोपऱ्यात, साडेपाच तासांसकट. घड्याळ पुढं असलेली दोन मशीन सापडली, एकाचा सेल बदलला.

काल सकाळी एका केंद्राची रेंज गेली तेव्हा साहेबांनी सचिवाला फोन केलाच, पण विचारलं काय, तर 'मशीनचं सिम बघा जरा'.

आता अडलंय ते रिफ्रेशवर. आठच मिळतात, त्यातले पाच सकाळी साडेसहा ते साडेनऊमध्ये ठेवलेत, संध्याकाळला तीनच उरतात. आणि साडेसातला लावलेला कधी साडेसातला सुरू होतो, कधी पंधरा-वीस मिनिटं उशिरा. म्हणजे केंद्राची शिफ्ट बंद झालेली असते पण डॅशबोर्डनं अजून बघितलेलं नसतं, आणि ते केंद्र विनाकारण पिवळं राहतं.

रेठरे_बुद्रुक

उशीर होतो, शेड्यूलची वेळ म्हणजे मिनिटावरची हमी नव्हे. पिवळं-लाल ठरवताना 'आत्ता' म्हणून बघणाऱ्याचं घड्याळ धरलंय का रिफ्रेशची वेळ? रिफ्रेशची धरा. ९:१५ ला बघितलं तेव्हा काय यायला हवं होतं, एवढंच ते सांगू शकतं. आणि शेवटचा रिफ्रेशच तास-दीड तासापूर्वीचा असेल तर एकाही केंद्राला रंग न देता वर एकच ओळ, 'डॅशबोर्ड ७:४८ नंतर रिफ्रेश झालेलं नाही'. नाहीतर दोष तुमचा आणि लाल केंद्र, असं होईल.

अजून एक, लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फेल झाला तर पॉवर बीआय शेड्यूलच बंद करून टाकतं आणि मेल मालकाला जातो. मालक अजून तो जुना वेंडरच आहे का ते बघा.

विटेकर७७

बघितलं. वेंडरच आहे. आज अकाउंट बदलून घेतो.

सोसायटीचा_सचिव

एक विनंती. ते १४ पैकी १३ वालं पान सचिवांच्या मोबाईलवर पण दिसंल असं करा. माझी रेंज गेलीय हे मला टँकर आल्यावर कळतंय, मला आधी कळलं तर मी गच्चीवर जाऊन अँटेना हलवतो की.

विटेकर७७

काका, पॉवर बीआयमध्ये प्रत्येकाला लायसन्स लागंल, ते संघ देणार नाही. लाल झालं की त्या सचिवाला एसएमएस जाईल असं सर्व्हरवरूनच करता येतंय का बघतो. कुणी केलंय का असं?